कस्टमर म्हणतो मी एकदाच दाबलं, लॉग म्हणतो दोनदा

प्रश्न: आमच्या सपोर्ट बॉटमध्ये काही कस्टमरचं चॅट मधेच भलतीकडे जातं, पण डेव्हलपरकडे तेच करून बघितलं तर सगळं बरोबर चालतं. नेमकं काय लॉग करावं म्हणजे ते चॅट परत चालवून बग सापडेल?

हा प्रश्न बघून जुनी जखम ठसठसली, म्हणून उत्तर लांबणार आहे.

मी तेव्हा घरगुती उपकरणांच्या सर्व्हिसचा व्हॉट्सॲप बॉट सांभाळायचो. साधा मेन्यूवाला बॉट, आकडा टाइप करा आणि पुढे जा. सातारा साइडच्या एका काकूंच्या फ्रीजची व्हिजिट गुरुवारी ठरली होती, त्यांना ती फक्त सकाळऐवजी दुपारी हवी होती, आणि बॉटने व्हिजिटच रद्द करून टाकली. मेकॅनिक आला नाही, फ्रीजमधलं सगळं वाया गेलं, काकूंनी सपोर्टच्या ताईला फोनवर जे सुनावलं ते इथे लिहिता येणार नाही.

आमच्या लॉगमध्ये काय होतं? मोबाइल नंबर, वेळ आणि मेसेज. 1, परत 1, मग 2. बस. आमचे लीड सर लॉग बघून दोन मिनिटांत मोकळे: "बाईंनी 1 दोनदा दाबलंय, यूजर एरर, तिकीट बंद कर." मी काकूंकडून स्क्रीनशॉट मागवला तर त्यात 1 एकदाच होतं. सर म्हणाले, डिलीट केला असेल. आता पंचावन्न-साठ वर्षांची बाई सर्व्हिस बॉटला खोटं पाडायला मेसेज डिलीट करत बसेल का?

तर माझं पहिलं मत, कुणाला बोचलं तरी चालेल: "एरर आली तरच लॉग करा" हा नियम चॅटला लागूच होत नाही. काकूंच्या चॅटमध्ये एकही एरर नव्हती. सगळीकडे 200, सगळं हिरवं. चॅट बिघडतं तेव्हा प्रत्येक पायरी आपापल्या जागी बरोबर असते, फक्त ती भलत्या प्रश्नाचं उत्तर असते. म्हणून प्रत्येक टर्न लिहायचा, चांगल्या चॅटचाही, कारण बिघडणार कोणतं हे आधी माहीत नसतं.

मी सरांना न विचारता (हो, चूक होती, ऐकूनही घेतलं) प्रत्येक टर्नला चार-पाच गोष्टी जोडल्या. चॅटचा आयडी, त्या चॅटमधला टर्न नंबर, चॅनलकडून येणारा मेसेज आयडी जसाच्या तसा, टर्नच्या आधीची आणि नंतरची स्टेट, आणि त्या वेळी कोणता बिल्ड चालू होता ते. तीन आठवड्यांनी दुसऱ्या एका कस्टमरचं चॅट अगदी तसंच रद्द झालं आणि या वेळी हे मिळालं (आयडी इथे छोटे केलेत):

```
{"conv":"c-81f2","turn":5,"in_id":"wamid.A1","raw":"1","before":"ACTION","after":"SLOT","crm_ms":22140,"build":"9c4e1d7"}
{"conv":"c-81f2","turn":6,"in_id":"wamid.A1","raw":"1","before":"SLOT","after":"CONFIRM","build":"9c4e1d7"}
{"conv":"c-81f2","turn":7,"in_id":"wamid.B7","raw":"2","before":"CONFIRM","after":"CANCELLED","build":"9c4e1d7"}
```

पाचव्या आणि सहाव्या टर्नचा `in_id` एकच आहे. म्हणजे माणसाने 1 एकदाच पाठवला, आमच्याकडे तो दोनदा आला. वेबहुकला वेळेत 200 मिळाला नाही की पाठवणारा तोच मेसेज परत पाठवतो, यात त्यांची काही चूक नाही, तसं ते लिहूनच ठेवतात. आमचा शहाणपणा असा की सीआरएमकडून स्लॉटची यादी येईपर्यंत आम्ही 200 देतच नव्हतो, आणि त्या दिवशी सीआरएमला 22 सेकंद लागले. दुसरी प्रत आली तेव्हा पहिली अजून चालूच होती. आता गंमत बघा, एका चॅटचे दोन मेसेज एकाच वेळी प्रोसेस होऊ नयेत म्हणून आम्ही लॉक लावलं होतं आणि त्याचा आम्हाला फार अभिमान होता. त्या लॉकमुळे दुसरी प्रत शहाण्यासारखी थांबली, पहिली संपल्यावर आत शिरली, आणि तोवर बॉट "कोणता स्लॉट" या प्रश्नावर पोचला होता. तिथे 1 म्हणजे सकाळ. लगेच पुढचा प्रश्न गेला, 1 पक्कं, 2 रद्द. कस्टमरच्या फोनवर दोन्ही प्रश्न एकामागोमाग धडकले, त्याने वरचा वाचून दुपारसाठी 2 टाइप केलं, आणि व्हिजिट गेली.

काकूंचा 1, 1, 2 हाच होता. त्यांचा मेसेज आयडी आमच्याकडे नसल्यामुळे शंभर टक्के सिद्ध करता येत नाही, पण मला तरी शंका नाही.

रिप्लेचं म्हणाल तर तो फार मोठा प्रकार नाही. त्या चॅटच्या ओळी टर्न नंबरने लावायच्या (वेळेने नको, व्हॉट्सॲपचा टाइमस्टँप सेकंदांत असतो, एकाच सेकंदात दोन मेसेज आले की क्रम गेला), तोच बिल्ड चेकआउट करायचा आणि `raw` एकेक करून आत सोडायचा. सीआरएमला खरा कॉल करायचा नाही, त्या वेळचं उत्तर लॉगमधूनच द्यायचं, त्यामुळे ते उत्तरही टर्नबरोबर साठवलेलं पाहिजे. घड्याळही लॉगमधल्या वेळेवर ठेवायचं, नाहीतर "उद्याचा स्लॉट" दर वेळी वेगळा निघतो. मग प्रत्येक टर्ननंतरची स्टेट लॉगमधल्या `after` शी जुळवायची. जुळली नाही तर तुमच्या लॉगमध्ये एखादं इनपुट नोंदायचं राहिलंय, ते आधी शोधा. सगळं जुळलं तर बग तुमच्या हातात आला, मग नुसतं वाचत जा आणि माणसाने दिलेलं उत्तर कोणत्या टर्नला भलत्या प्रश्नाला चिकटलं ते बघा. आमचं हे चॅट मी तसंच टेस्टमध्ये टाकून ठेवलं.

दुरुस्ती: 200 लगेच द्यायचा, काम रांगेत टाकायचं, मेसेज आयडीवर युनिक कन्स्ट्रेंट, आणि नुसत्या आकड्याऐवजी बटणं द्यायची ज्यांच्या आत `slot:2` असं प्रश्नासकट उत्तर असतं. परत आलेली प्रत टाकून दिली तरी "टाकून दिली" म्हणून तिची ओळ लिहाच. आणि मेसेज आत आल्याआल्या एक ओळ लिहा, प्रोसेस झाल्यावर दुसरी, नाहीतर मधे क्रॅश झालेला टर्न लॉगमध्ये कधी आलाच नव्हता असं दिसतं.

सरांचा मुद्दा होता खर्चाचा. तर हिशोब करू. एक टर्न साधारण 1 केबी, आमची दिवसाला 4,000 चॅट, एकेका चॅटमध्ये 12 टर्न. दिवसाचे 48 एमबी, महिन्याचे दीड जीबीसुद्धा नाहीत. यासाठी आपण तीन आठवडे कस्टमरला खोटं ठरवत होतो सर. वाचत असाल तर.

एक राहिलं, हे खरं तर आधी लिहायला हवं होतं. `raw` मध्ये लोक काहीही टाकतात, पत्ता, आधार नंबर, ओटीपी. ओटीपी मागितलेल्या स्टेटमध्ये `raw` लिहूच नका. मोबाइल नंबरचा नुसता हॅश पुरत नाही, दहा आकडीच असल्यामुळे सगळे नंबर करून बघून उलटा काढता येतो, गुप्त की वापरून एचमॅक करा. आम्ही 30 दिवसांनी सगळं उडवायचो, टेस्टमध्ये घेतलेली चॅट तेवढी नाव-पत्ते बदलून ठेवायचो. बदलताना लिपी आणि आकड्यांची लांबी तशीच ठेवा, कारण "४१२" आणि "412" मध्येच बग असू शकतो. आणि तुमच्या बॉटमध्ये भाषेचं मॉडेल असेल तर रिप्लेत त्याला परत विचारू नका, ते दर वेळी तेच बोलेल याची खात्री नसते. त्याचं त्या वेळचं उत्तर सीआरएमच्या उत्तरासारखंच साठवा आणि तेच परत द्या.

तुमचा बग हाच असेल असं मी म्हणत नाही. पण आज दोन ओळींत एकच मेसेज आयडी दोनदा दिसतोय का एवढी क्वेरी मारून बघा. आयडी साठवतच नसाल तर मग काय, तुम्ही पण काकूंनाच दोष देताय.