मुलाखतीच्या सराव-बॉटला उपप्रश्न विचारायला कसं लावायचं

समज, तुझ्या सराव-बॉटच्या सिस्टीम प्रॉम्प्टमध्ये ‘तू कडक मुलाखतकार आहेस’ एवढंच आहे. त्याने फक्त सूर बदलतो, वागणं नाही. बॉट एकदम दहा प्रश्न फेकतो आणि प्रत्येक उत्तराला ‘छान’ म्हणतो, कारण कौतुक करण्याकडे भाषा-मॉडेलांचा मुळातच कल असतो. म्हणून नेमकं काय करायचं ते लिही:

```
पद: ज्युनिअर अकाउंटंट, अनुभव १ वर्ष.
एका वेळी एकच प्रश्न विचार आणि थांब.
उपप्रश्न उमेदवाराच्याच शब्दांवरून काढ; एका विषयावर जास्तीत जास्त २.
मुलाखत चालू असताना अभिप्राय किंवा कौतुक नको.
उमेदवार "संपलं" म्हणाला की अभिप्राय दे: त्याचं वाक्य जसंच्या तसं, त्यात काय कमी पडलं, काय सांगता आलं असतं.
त्याने न सांगितलेला अनुभव किंवा आकडा स्वतः घालू नकोस.
```

समज, उमेदवार म्हणाला, ‘जीएसटीचं सगळं मीच बघायचो.’ यावर बॉटने विचारायला हवं, ‘सगळं म्हणजे काय?’ आणि त्याचं उत्तर आल्यावर, ‘GSTR-1 आणि GSTR-3B या रिटर्नमधली विक्री जुळली नाही तर काय करायचात?’ बॉट हे न विचारता थेट टॅलीवरच्या प्रश्नाकडे गेला, तर उपप्रश्नाची ओळ कमी पडतेय. तिथे हाच नमुना उदाहरण म्हणून घाल.

प्रॉम्प्टची शेवटची ओळ काढू नकोस. ती नसली की बॉट नमुना-उत्तरात ‘४० टक्के वेळ वाचवला’ असं काहीतरी स्वतःच रचतो, आणि पोरगं तेच पाठ करून खऱ्या मुलाखतीत अडकतं. दहापैकी गुणही मागू नकोस. बहुतेकांना सात-आठच मिळतात, त्यातून काही कळत नाही.

तपासायला मुद्दाम एक पोकळ उत्तर दे. अभिप्रायात तुझं तेच वाक्य उचललेलं दिसलं पाहिजे.