डोळ्यातला धुरकटपणा नेमका कुठे आहे? : पाळीव प्राण्यांच्या डोळ्यांचे फोटो आणि वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमचा लॅब्राडोर दहा वर्षांचा आहे. मोबाईलवर जवळून काढलेल्या फोटोत त्याचे दोन्ही डोळे निळसर-पांढरे दिसतात. मोतीबिंदू झाला असेल का? (इंदिरानगर)

तुमच्या फोटोत दोन्ही डोळे सारखेच निळसर आहेत, डोळ्याच्या पांढऱ्या भागात लाली नाही, चिपड नाही आणि पापण्या पूर्ण उघड्या आहेत. या वयात असे चित्र बहुतेकदा भिंगाच्या म्हाताऱ्या होण्याचे असते. कुत्र्याच्या डोळ्यातील भिंगात आयुष्यभर नवे तंतू तयार होत राहतात आणि जुने तंतू मध्यभागी दाबले जातात. साधारण सात वर्षांनंतर हा दाबलेला गाभा प्रकाश विखुरू लागतो आणि बाहुली निळसर-राखाडी दिसते. त्यात वेदना नसते आणि दृष्टीही फारशी कमी होत नाही, म्हणून त्यावर उपचार करावे लागत नाहीत.

मोतीबिंदू वेगळा. त्यात भिंग अपारदर्शक होते आणि प्रकाश आतपर्यंत पोहोचत नाही. हा फरक घरी बऱ्यापैकी कळू शकतो. खोलीत मंद उजेड करावा, हातभर अंतरावरून कॅमेरा सरळ डोळ्यासमोर धरावा आणि फ्लॅश लावून एक-दोनच फोटो काढावेत. कुत्र्याच्या डोळ्याच्या मागील बाजूस प्रकाश परतवणारा एक थर असतो, त्यामुळे निरोगी बाहुली हिरवी-पिवळी चमकते. भिंगाचा केवळ गाभा दाट झाला असेल, तर ही चमक बाहुलीभर दिसते, फार तर मध्ये एक पुसट वर्तुळ दिसते. मोतीबिंदू असेल, तर चमकेच्या जागी काळा किंवा पांढरा डाग दिसतो, कधी चमकच दिसत नाही. निळ्या डोळ्यांच्या हस्कीसारख्या काही कुत्र्यांत हा थर नसतो. त्यांची बाहुली लाल चमकते आणि त्यात काही वावगे नाही.

दोन्ही डोळे काही आठवड्यांतच पांढरे झाले असतील आणि कुत्रा पूर्वीपेक्षा खूप पाणी पीत असेल, तर आधी रक्तातील साखर तपासून घ्या. मधुमेही कुत्र्यांत मोतीबिंदू फार लवकर पिकतो.

प्रश्न : आमचा गावठी कुत्रा मखमलाबादच्या द्राक्षबागेतून फिरून आला आणि तेव्हापासून डावा डोळा अर्धा मिटून बसला आहे. पाणी येते आहे. घरात माणसांचे डोळ्याचे थेंब आहेत, ते घालू का? फोटो पाठवतो आहे. (मखमलाबाद)

थेंब घालू नका. तुमचे फोटो पाहिल्यावर उत्तर छापून येण्याची वाट पाहणे योग्य वाटले नाही, म्हणून तुम्हाला त्याच दिवशी फोन करून बोलावून घेतले. त्या फोटोत मला काय दिसले, ते इथे सविस्तर लिहितो, कारण इतर वाचकांनाही असे फोटो वाचता यायला हवेत.

डोळ्याच्या समोरच्या पारदर्शक पडद्याला कॉर्निया म्हणतात. खिडकीजवळ काढलेल्या फोटोत त्यावर खिडकीचे छोटे प्रतिबिंब उमटते. पृष्ठभाग गुळगुळीत आणि ओला असेल, तर प्रतिबिंबाच्या कडा रेखीव असतात. तुमच्या कुत्र्याच्या उजव्या डोळ्यात खिडकीचा चौकोन स्वच्छ होता. डाव्या डोळ्यात तोच चौकोन नाकाकडच्या खालच्या कोपऱ्यात फाटल्यासारखा झाला होता आणि त्या भागाभोवती निळसर धुरकटपणा होता. बाकीचा कॉर्निया स्वच्छ होता, बाहुलीही आतून धुरकट नव्हती. दोष आत भिंगात नसून बाहेरच्या पडद्यावर, आणि तोही एकाच ठिकाणी होता. शिवाय त्या जागेला तिसरी पापणी, म्हणजे कुत्र्याच्या डोळ्यात नाकाकडच्या कोपऱ्यात असणारी आतली पापणी, घासते. जखम नेमकी तिथेच असली, की त्या पापणीच्या मागे काहीतरी अडकल्याची शंका येते.

दवाखान्यात डोळा बधिर करणारे थेंब घातले, फ्लुरोसिन या नारिंगी रंगाची पट्टी लावली आणि निळ्या प्रकाशात पाहिले. कॉर्नियाचा वरचा थर जिथे खरवडला होता, तिथे रंग धरून हिरवी रेघ चमकली. चिमट्याने तिसरी पापणी उचलल्यावर तिच्यामागे गवताचे कुसळ सापडले. पावसाळा संपून गवत वाळले, की बांधावरून हिंडणाऱ्या कुत्र्यांत हे नेहमीच दिसते. कुसळाचे दाते एकाच दिशेला वळलेले असतात, त्यामुळे ते आपोआप बाहेर न येता आणखी आत सरकते.

आता थेंबांविषयी. माणसांसाठी मिळणाऱ्या अनेक थेंबांत प्रतिजैविकाबरोबर डेक्सामेथासोन, बीटामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन असते. ही स्टेरॉइडे आहेत. त्यांनी लाली एका दिवसात उतरते आणि मालकाला बरे वाटते, परंतु कॉर्नियावर जखम असताना ती भरून येण्याची क्रियाच थांबते. जंतूंना वाव मिळून जखम खोल जाते, प्रसंगी डोळा फुटतो. म्हणून रंगाची तपासणी होईपर्यंत बाटलीवर यांपैकी एकही नाव असलेला थेंब डोळ्यात जाता कामा नये.

उथळ जखम कारण दूर केल्यावर साधारण पाच ते सात दिवसांत भरते. त्या काळात डोळा खाजवता येऊ नये म्हणून गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर ठेवा आणि दोन-तीन दिवसांनी फेरतपासणी करून घ्या. रोज एकाच वेळी, त्याच खिडकीपाशी फोटो काढत गेलात, तर धुरकट भाग लहान होतो आहे का, हे तुम्हालाही दिसेल. जखम पिवळट-पांढरी आणि लिबलिबीत दिसू लागली, किंवा तिच्या मध्यभागी काळपट खड्डा दिसला, तर फेरतपासणीची तारीख न पाहता त्याच दिवशी या.

प्रश्न : डॉक्टरांना पाठवण्यासाठी फोटो काढताना तो नेहमी हलतो किंवा डोळ्यात फक्त फ्लॅशचा ठिपका दिसतो. कसा काढावा? (नाशिकरोड)

पहिला फोटो डोळा पुसण्याआधी काढा, कारण चिपडाचा रंग आणि घट्टपणा हीच निम्मी माहिती असते. नंतर उकळून गार केलेल्या पाण्यात भिजवलेल्या कापसाने डोळा पुसा आणि दुसरा फोटो काढा. दिवसा खिडकीच्या बाजूला, फ्लॅश बंद करून आणि चेहरा गुळगुळीत करणारे सर्व फिल्टर काढून टाकून फोटो घ्या. मोबाईल अगदी डोळ्याला भिडवला, की कॅमेरा फोकस सोडतो. त्यापेक्षा एक फूट लांब धरून दुप्पट झूम करणे बरे.

दोन्ही डोळे एकाच फोटोत हवेत, त्याशिवाय तुलना करता येत नाही. एक फोटो बाजूने घ्या. बाजूने पाहिल्यावर कॉर्नियाचा घुमट दिसतो, आणि धुरकटपणा त्या घुमटावर आहे की त्याच्यामागे खोलवर, हे कळते. व्हॉट्सॲपवर साधा फोटो पाठवला, तर बारीक तपशील पुसला जातो, म्हणून तो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. त्यासोबत दहा सेकंदांचा व्हिडिओही द्या. प्राणी डोळा किती वेळा मिचकावतो, हे फोटोत येत नाही आणि वेदनेची ती सर्वांत भरवशाची खूण आहे. बोटांनी पापण्या ताणून काढलेल्या फोटोत ही खूण नेमकी हरवते.

प्रश्न : आमच्या पर्शियन मांजरीच्या डोळ्यांखाली कायम तपकिरी डाग असतात. आता एका डोळ्यात पिवळट चिकट येते आहे. आणि डोळ्यावरही तपकिरी ठिपका दिसतो. घाण असेल का? (गंगापूर रोड)

नाकाच्या बाजूचे तपकिरी डाग बहुधा जुनेच आहेत. चपट्या चेहऱ्याच्या मांजरींत अश्रू नाकात वाहून नेणारी नळी वाकलेली असते, अश्रू गालावर ओघळतात आणि त्यांतील रंगद्रव्य वाळून तपकिरी होते. दोन्ही बाजूंना सारखेच आणि पातळ पाणी असेल, तर रोज पुसणे पुरते. एकाच डोळ्यात पिवळे चिपड येऊ लागणे हा मात्र बदल आहे. त्यासोबत शिंका आणि पापणीच्या आतल्या बाजूची सूज असेल, तर हर्पिस विषाणू किंवा क्लॅमिडिया यांचा संसर्ग असू शकतो, आणि काही दिवसांत तो दुसऱ्या डोळ्यातही दिसू शकतो. दोन डोळ्यांसाठी वेगळा कापूस वापरा आणि घरातील इतर मांजरींना दूर ठेवा.

मला अधिक काळजी त्या ठिपक्याची आहे. तुमचे दोन फोटो मी मोठे करून पाहिले. पुसण्याआधी आणि पुसल्यानंतर ठिपका त्याच जागी आहे आणि त्याच्याभोवती बारीक रक्तवाहिन्या शिरलेल्या आहेत. तो कॉर्नियाचा मृत झालेला तुकडा असण्याची दाट शक्यता आहे. पर्शियन मांजरींत हा विकार इतरांपेक्षा जास्त आढळतो. तो नखाने किंवा कापसाने काढण्याचा प्रयत्न मुळीच करू नका. त्याची खोली तपासून शस्त्रक्रियेने काढायचा की वाट पाहायची, हे ठरवावे लागते.

प्रश्न : पगच्या डोळ्याच्या कोपऱ्यात गुलाबी गोळा आला आहे. कापून टाकावा लागेल का? (सिडको)

नाही. नाकाकडच्या कोपऱ्यात आलेला गुळगुळीत गुलाबी गोळा म्हणजे बहुतेकदा तिसऱ्या पापणीची बाहेर आलेली ग्रंथी असते. अश्रूंचा बराच मोठा वाटा ती तयार करते. ती कापली, तर पुढे डोळा कोरडा पडतो आणि घट्ट चिपड कायमचे मागे लागते. ती पुन्हा आत बसवून शिवायची असते.

सूज डोळ्याच्या खाली, गालावर असेल आणि डोळा स्वतः स्वच्छ असेल, तर तोंड उघडून वरच्या मोठ्या दाढेकडे पाहा. तिच्या मुळाशी पू झाला, की सूज नेमकी तिथे येते. डोळाच पुढे आल्यासारखा वाटत असेल, तर डोक्यावरून खाली पाहत फोटो काढा, त्यात दोन्ही डोळ्यांतील फरक लगेच दिसतो. पगसारख्या कुत्र्यांत झटापटीत डोळा खोबणीबाहेरही येतो. तसे झाल्यास ओले स्वच्छ कापड त्यावर ठेवून तडक निघा.

प्रश्न : रात्री लक्षात आले की कुत्रीचा एक डोळा लाल आणि पूर्ण निळसर झाला आहे. सकाळपर्यंत थांबले तर चालेल? (देवळाली कॅम्प)

थांबू नका. कॉर्निया कडेपासून कडेपर्यंत निळसर, डोळा लाल आणि बाहुली मोठी होऊन उजेडातही आकसत नसेल, तर काचबिंदू असू शकतो. कुत्र्याच्या डोळ्यातील दाब साधारण 10 ते 25 मिलिमीटर पारा असतो. अशा झटक्यात तो 50 च्याही वर जाऊ शकतो, आणि एक-दोन दिवसांत गेलेली दृष्टी नंतर दाब उतरला तरी परत येत नाही. बाहुली उलट बारीक झालेली असेल, तर डोळ्याच्या आतली सूज संभवते, आणि गोचिडांमुळे होणारा एर्लिकियाचा ताप हे तिचे आपल्याकडचे एक ठळक कारण आहे. त्यासाठी रक्त तपासावे लागते. या दोन्हींचे औषध वेगळे आहे. एकात बाहुली आकसवतात आणि दुसऱ्यात ती मोठी करतात, त्यामुळे केवळ फोटो पाहून फोनवर औषध सांगता येणार नाही. निघण्याआधी दवाखान्यात फोन करून दाब मोजण्याचे यंत्र आहे का, एवढे विचारा.