फुगा बाही आणि बिशप बाही: चुण्या देऊनही फुगा का पडतो?

*ब्लाउजच्या फुगा बाहीला भरपूर चुण्या देते, तरी फुगा खांद्यावर उभा राहत नाही, दंडावर पसरतो आणि मोरी मधोमध वर ओढली जाते. कुर्त्याच्या बिशप बाहीत हात वाकवला की कापड कोपराशी ताणतं आणि कफवर फुगवटा येतच नाही. खाका कसा काढायचा? कफऐवजी इलॅस्टिक लावलं तर चालेल का?*

चुण्यांना रुंदी लागते आणि फुग्याला उंची. बहुतेक जणी फक्त रुंदी वाढवतात. मग चुण्या पडतात, पण फुग्याला वर उठायला कापड मिळत नाही, म्हणून तो ते खालून ओढून घेतो. मोरी मधोमध वर चढणं ही त्याचीच खूण. बिशप बाहीतही दुखणं हेच आहे, फक्त जागा बदलते: तिथे लांबी कमी पडते.

आधी फुगा बाही घेऊ. समजा, तुमच्या साध्या बाहीची दंडाशी रुंदी १३ इंच आहे, बाहीच्या माथ्याची (मुंढ्याला जोडली जाते त्या गोलाईची) उंची साडेचार इंच आणि ब्लाउजचा मुंढा १६ इंच. ही साधी बाही कागदावर काढा. मधली उभी रेषा मारा आणि तिच्या दोन्ही बाजूंना दीड-दीड इंचावर आणखी दोन-दोन रेषा मारा. अशा पाच रेषा होतील. काखेकडचा दोन्ही बाजूंचा साडेतीन-साडेतीन इंच भाग तसाच राहू द्या. तिथे चुण्या आल्या तर काखेत नुसता गोळा होतो आणि हात खाली घेतला की टोचतो.

आता पाचही रेषांवर कागद कापा, तुकडे दुसऱ्या कागदावर ओळीने मांडा आणि प्रत्येक फटीत सव्वा इंच अंतर ठेवून चिकटवा. रुंदी सव्वासहा इंचांनी वाढली. इथेच थांबलात तर फुगा पडणारच. म्हणून मधल्या रेषेवर माथा दीड इंच वर उचला आणि तिथून दोन्हीकडे, जिथे फटी संपतात तिथपर्यंत, मूळ गोलाईला अलगद मिळवा. खाली मोरीला पट्टी लावणार असाल तर मोरीची रेषाही मध्ये एक इंच खाली उतरवा आणि कडांना शून्यावर आणा. वरच्या दीड इंचामुळे फुगा उभा राहतो, खालच्या एका इंचामुळे तो पट्टीवर झुकतो.

माथ्याचा चुण्यांचा भाग आता टेपने मोजा. या मापात साधारण १५ इंच कापड मुंढ्याच्या साडेसात इंचांत बसवायचं आहे, म्हणजे दुप्पट. पातळ सुती कापड किंवा ऑर्गंझाला दुप्पट छान दिसतं. जाड रेशमाला ते जड होतं. तिथे प्रत्येक फट पाऊण इंच ठेवा, पण माथ्याची उंची कमी करू नका.

आणखी एक गोष्ट ब्लाउजच्या बाजूची आहे. साध्या बाहीच्या खांद्यावरच फुगा बाही जोडली तर चुण्या हाडाच्या पुढे दंडावर सुरू होतात आणि फुगा लोंबतो. त्यामुळे ब्लाउजचा खांदा अर्धा इंच आत घ्या. मग चुण्या हाडावर टेकतात.

चुण्यांसाठी मशीनचा टाका सर्वांत मोठा करा, वरचा ताण सैल करा आणि शिलाईच्या रेषेच्या आत-बाहेर अशा दोन टिपा मारा. बॉबीनचे दोन्ही धागे एकदम ओढा. एकच टीप मारली तर चुण्या गोळा होतात, दोन टिपांत त्या सरळ उभ्या राहतात. रेशमावर सुईची भोकं राहतात, तेव्हा दोन्ही टिपा मार्जिनमध्येच घ्या. बाही जोडताना चुण्यांची बाजू वर ठेवा, म्हणजे दुमडलेली चुणी सुईखाली जाण्याआधी दिसते. जोडल्यावर मार्जिन बाहीकडे वळवा, त्याचा फुग्याला आतून आधार मिळतो. इस्त्री फक्त मार्जिनवर फिरवा, चुण्यांवर अजिबात नाही.

खणाच्या किंवा पैठणीच्या ब्लाउजला एक अडचण येते. काठ सरळ असतो, त्यामुळे मोरी मध्ये खाली उतरवून गोल कापता येत नाही. आणि काठाला चुण्या घातल्या तर त्याची नक्षी मोडते, ते मला बघवत नाही. अशा वेळी काठ वेगळा कापा आणि त्याचीच सपाट पट्टी करा. दंडघेर ११ इंच असेल तर तयार पट्टी साडेअकरा इंच. फुगा अंगाच्या कापडाचा.

बिशप बाहीत माथ्याला चुण्या नसतात, म्हणून कागदाचे तुकडे वरून जोडलेलेच ठेवा आणि फक्त खालून पंख्यासारखे उघडा. बाहीची लांबी २२ इंच, तयार कफ अडीच इंच धरू. २२ मधून अडीच वजा करून बरेच जण साडेएकोणीस इंच कापतात. तुमचंही गणित बहुधा इथेच चुकतंय. त्यात फुगवट्याचे दीड इंच मिळवा आणि २१ इंच कापा. हे दीड इंच नसतील तर खाली कितीही घेर द्या, चुण्या सरळ कफमध्ये उतरतात, कफवर झुकत नाहीत.

खालचा घेर दोन्ही बाजूंना सारखा उघडू नका. कोपर मागे वाकतो, त्यामुळे कापड मागे जास्त हवं. मनगटाशी मूळ रुंदी ९ इंच असेल तर मागच्या दोन फटी सव्वादोन-सव्वादोन आणि पुढच्या दोन दीड-दीड इंच उघडा. एकूण साडेसोळा इंच होतात. खालची रेषा मागच्या अर्ध्या भागाच्या मधोमध एक इंच खाली उतरवा. ती जागा करंगळीच्या बाजूला येते. कफसाठीची तीन इंचांची चीरही तिथेच द्या. हात वाकवल्यावर कोपराशी ताणत होतं ते या जादा लांबीने थांबेल. साडेसहा इंचांच्या मनगटाला साडेआठ इंचांचा कफ पुरतो: एक इंच सैलपणा, एक इंच बटणाच्या पट्टीला. मार्जिन वेगळं.

इलॅस्टिक नक्की चालेल, चीरही लागणार नाही, पण त्याचं वागणं वेगळं असतं. कफ आपल्या जागी राहतो, त्यामुळे फुगवटा खाका सांगेल तिथेच पडतो. इलॅस्टिक हात उचलला की वर सरकतं आणि तिथेच थांबतं. म्हणून इलॅस्टिकच्या बाहीची लांबी आणखी एक इंच वाढवा. मनगटाला मापापेक्षा अर्धा इंच कमी इलॅस्टिक घ्या, वर जोडासाठी अर्धा इंच. दंडाला मात्र दंडघेराइतकंच घ्या आणि पाव इंची नको, अर्धा इंची घ्या, कारण बारीक इलॅस्टिक दंडावर रुततं आणि लाल वळ उठतो. नेफा इलॅस्टिकपेक्षा थोडा रुंद ठेवा, नाहीतर ते आत पीळ खातं. कडेला झालर हवी असेल तर नेफा कडेपासून दीड इंच वर घ्या आणि तेवढी लांबी वेगळी धरा.

जॉर्जेट, क्रेपसारखं लोळतं कापड बिशपला उत्तम, पण त्याचा खांद्यावरचा फुगा आधाराशिवाय उभा राहत नाही. त्याला आतून कडक नेटची दीड इंची दुमडलेली पट्टी चुण्या घालून माथ्याच्या मार्जिनवर शिवा. ती त्वचेला टोचू नये म्हणून आत पातळ सुती अस्तर साध्या बाहीच्या खाक्यावर कापा, फुग्याच्या नाही. अस्तर दंडाजवळ बसतं आणि वरचं कापड त्याच्यावर मोकळं फुगतं.