निर्देशांकाला हरवलं, तरी अल्फा उणे कसा?

प्रश्न: माझ्या लार्ज कॅप फंडाने गेल्या तीन वर्षांत वर्षाला सरासरी १५.२ टक्के दिले, निफ्टी ५० टीआरआयने १४ टक्के. फॅक्टशीटमध्ये बीटा १.२५ आहे. मी अल्फा १.२ धरला, पण मित्र म्हणतो तो उणे आहे. कोण बरोबर? फंड विकू का?

उत्तर:

हिशेब मित्राचा बरोबर आहे. तुमचे १.२ टक्के म्हणजे निर्देशांकापेक्षा मिळालेला जादा परतावा. अल्फा काढताना तुलना निर्देशांकाशी करायची नसते. बीटा म्हणजे बाजार हलला की फंड त्याच्या किती पट हलतो तो आकडा. तेवढाच बीटा घेऊन फंड मॅनेजरशिवाय किती मिळालं असतं, त्याच्याशी तुलना करायची असते. सिक्युरिटी मार्केट लाइन ही बीटा आणि आवश्यक परतावा जोडणारी रेषा नेमकं तेवढंच सांगते:

आवश्यक परतावा = जोखीममुक्त दर + बीटा × (बाजाराचा परतावा − जोखीममुक्त दर)

जोखीममुक्त दर ट्रेझरी बिलाचा म्हणून ६.५ टक्के धरू. बाजाराने त्यावर ७.५ टक्के जास्त दिले. त्याला १.२५ ने गुणलं की ९.३७५ येतात, त्यात ६.५ मिळवले की आवश्यक परतावा १५.८७५ टक्के. फंडाने दिले १५.२. म्हणजे अल्फा उणे ०.६७५, ढोबळमानाने उणे ०.७ टक्के.

हे सूत्र पाठ करण्यापेक्षा त्यामागचा व्यवहार डोळ्यांसमोर आणा. तुमच्याकडे १०० रुपये आहेत. आणखी २५ रुपये ६.५ टक्क्यांनी उसने घेऊन सगळे १२५ रुपये इंडेक्स फंडात टाकले. वर्षाअखेर १७.५० रुपये मिळाले, व्याजाचे १.६२ गेले, हातात राहिले १५.८८. कोणत्याही शेअरचा अभ्यास न करता १.२५ बीटाचा परतावा तयार झाला. फंडाने याहून कमी दिलं, म्हणून अल्फा उणे. याच कारणाने उलटंही घडतं. ०.७ बीटाच्या फंडाने १२.५ टक्के दिले तर तो निर्देशांकाच्या मागे दिसेल. पण ७० रुपये इंडेक्स फंडात आणि ३० ट्रेझरी बिलात ठेवले असते तर ११.७५ रुपयेच मिळाले असते, म्हणून त्याचा अल्फा अधिक ०.७५ आहे.

आता या रेषेकडेच जरा बारकाईने पाहू, कारण तुमच्या बाबतीत अल्फाचं चिन्ह तिच्यावरच अवलंबून आहे.

तुम्ही टीआरआय, म्हणजे लाभांश धरून मोजलेला निर्देशांक, घेतलात हे उत्तम केलंत. फंडाच्या एनएव्हीत शेअरवर मिळालेला लाभांश असतो, पण निफ्टीचा जो आकडा रोज बातम्यांत दिसतो त्यात तो नसतो. समजा लाभांशाचे १.३ टक्के वगळले आणि बाजाराचा परतावा १२.७ धरला, तर आवश्यक परतावा १४.२५ वर उतरतो आणि याच फंडाचा अल्फा अधिक ०.९५ दिसतो. मॅनेजरने काहीही वेगळं केलेलं नाही, फक्त रेषा खाली सरकली. २०१८ पासून सेबीने फंडांना टीआरआयशीच तुलना करायला लावली ती यासाठीच. त्याआधीच्या जुन्या तक्त्यांतले अल्फा वाचताना हे लक्षात ठेवा.

दुसरी गोष्ट मात्र तुमच्या फंडाच्या बाजूने आहे. ही रेषा धरून चालते की ६.५ टक्क्यांनी तुम्हाला उसने पैसे मिळतात. सरकारला त्या दराने मिळतात, तुम्हाला-मला नाही. तेच २५ रुपये १० टक्क्यांनी घ्यावे लागले तर वरच्या हिशेबात हाती १५ रुपयेच उरतात आणि फंड ०.२ ने पुढे जातो. शिवाय प्रत्यक्ष बाजारातली रेषा सूत्रातल्या रेषेपेक्षा कमी चढाची असते. ब्लॅक, जेन्सन आणि शोल्स यांनी १९७२ मध्ये न्यूयॉर्क शेअर बाजारातल्या शेअरांवर हे दाखवलं: जास्त बीटाच्या गटांचा अल्फा उणेकडे झुकलेला, कमी बीटाच्या गटांचा अधिककडे. तेव्हा १.२५ बीटाच्या फंडाचा किंचित उणे अल्फा हा मॅनेजरचाच दोष असेल असं नाही, त्यातला काही भाग रेषेच्या चढाचाही असू शकतो. अशा फंडाची तुलना मी तितक्याच बीटाच्या दुसऱ्या फंडांशी आधी करतो.

जोखीममुक्त दर ६.५ की ७, यावर लोक फार वाद घालतात, पण इथे तो गौण आहे. बीटा १.२५ असेल तर दर एका टक्क्याने बदलला तरी अल्फा फक्त पाव टक्क्याने हलतो.

खरा प्रश्न हा की उणे ०.७ या आकड्यावर भरवसा किती ठेवायचा. यासाठी फॅक्टशीट पुरत नाही, स्वतः रिग्रेशन करावं लागतं. ३६ महिन्यांच्या एनएव्ही आणि टीआरआयवरून मासिक परतावे काढा. दोन्हींतून त्या महिन्याचा जोखीममुक्त दर (वार्षिक दर भागिले १२) वजा करा. फंडाचा आकडा D स्तंभात, निर्देशांकाचा E मध्ये, आणि मग:

```
=SLOPE(D2:D37,E2:E37)
=INTERCEPT(D2:D37,E2:E37)*12
=INDEX(LINEST(D2:D37,E2:E37,TRUE,TRUE),2,2)*12
=INDEX(LINEST(D2:D37,E2:E37,TRUE,TRUE),3,1)
```

पहिली ओळ बीटा देते, दुसरी वार्षिक अल्फा, तिसरी त्या अल्फाची प्रमाण त्रुटी आणि चौथी आर-स्क्वेअर. अल्फा वरच्या ढोबळ हिशेबाशी तंतोतंत जुळणार नाही, कारण रिग्रेशन मासिक परताव्यांची साधी सरासरी धरतं आणि फॅक्टशीटमधला परतावा चक्रवाढीचा असतो. आर-स्क्वेअर आधी पाहा: फंडाच्या हालचालीतला किती भाग निर्देशांकाने समजावला, ते तो सांगतो. लार्ज कॅप फंडाचा निफ्टीशी तो ०.९ च्या आसपास किंवा वर असायला हवा. ०.६ आला तर निर्देशांकच चुकीचा निवडला आहे. स्मॉल कॅप फंड निफ्टी ५० वर मोजला की असंच होतं: बीटा खोटाच कमी येतो, आवश्यक परतावा घसरतो, आणि स्मॉल कॅपच्या तेजीचं श्रेय अल्फा म्हणून मॅनेजरच्या नावावर चढतं.

आर-स्क्वेअर ठीक असेल तर प्रमाण त्रुटीकडे या. बाजाराने न समजावलेली हालचाल महिन्याला १.२ टक्के असेल, तर ती वर्षाला सुमारे ४.२ होते आणि तीन वर्षांच्या अल्फाची त्रुटी जवळपास २.४ टक्के येते. म्हणजे तुमचा अल्फा उणे ५.५ ते अधिक ४ यांत कुठेही असू शकतो. याच गतीने खरोखरचा २ टक्के अल्फा नीट ओळखायला सतराएक वर्षं लागतात, आणि तेवढ्या काळात मॅनेजर बहुधा बदललेला असतो. मायकेल जेन्सन यांनी १९६८ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा ११५ अमेरिकी फंड आणि १९४५ ते १९६४ चा काळ घेतला होता. खर्च वजा जाता सरासरी अल्फा वर्षाला सुमारे उणे १.१ टक्के निघाला. एवढ्या फंडांची सरासरी घेतल्यावर काही म्हणता येतं, एका फंडाच्या तीन वर्षांवरून नाही.

म्हणून केवळ या उणे ०.७ वरून मी फंड विकणार नाही. पण त्याच ३६ महिन्यांनी बीटा मात्र बराच पक्का सांगितला आहे. बाजार महिन्याला ४ टक्के हलत असेल तर बीटाची त्रुटी ०.०५ च्या घरात येते, म्हणजे तो १.१५ ते १.३५ च्या दरम्यान आहे. ट्रेझरी बिलाच्या दराच्या तुलनेत बाजार २० टक्के मागे पडला तर हा फंड साधारण २५ टक्के मागे पडेल. तेवढं तुम्हाला झेपतं का, हे पाहून ठेवायचा की विकायचा ते ठरवा.