विमान, हॉटेल आणि स्कूबा : आधी काय बुक करावे?

"डिसेंबरअखेरीस आम्ही चौघे बेळगावहून अंदमानला जाणार आहोत. विमान, हॉटेल आणि स्कूबा यांत आधी काय बुक करावे? फ्री कॅन्सलेशनसाठी जास्त पैसे मोजावेत का?"

आधी हॅवलॉकच्या, म्हणजे आताच्या स्वराजद्वीपच्या, खोल्या फ्री कॅन्सलेशनवर धरून ठेवा आणि त्याच दिवशी विमानाची तिकिटे काढा. त्यानंतर पोर्ट ब्लेअरहून, म्हणजे आताच्या श्रीविजयपुरमहून, हॅवलॉकला नेणारी फेरीबोट आणि शेवटी स्कूबा. वर्षअखेरीस त्या लहान बेटावरील परवडणाऱ्या खोल्या लवकर संपतात, आणि स्वस्त विमान तिकिटाची तारीख बदलायची म्हटली की मोठा भुर्दंड पडतो. म्हणून खोली मिळाल्याची खात्री होईपर्यंत तिकिटाला हात लावू नये.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून पोर्ट ब्लेअरला थेट विमान नाही. बंगळूरला किंवा हैदराबादला विमान बदलताना दोन्ही टप्पे एकाच पीएनआरवर असतील असे पाहा. मी एकदा थोडे पैसे वाचवण्यासाठी दोन कंपन्यांची वेगवेगळी तिकिटे काढली होती. सांबऱ्याचे विमान दोन तास उशिरा सुटले, बंगळूरला पोहोचलो तेव्हा पुढच्या विमानाचे काउंटर बंद झाले होते, आणि त्या कंपनीच्या लेखी आम्ही आलोच नव्हतो. पैसे बुडाले. एकच पीएनआर मिळत नसेल, तर आदल्या दिवशीच बंगळूर गाठून मुक्काम करावा.

फ्री कॅन्सलेशनची किंमत त्याच्या मुदतीवर ठरते. समजा, साधी खोली ४,००० रुपयांना आणि रद्द करता येणारी ४,५०० रुपयांना आहे. दोन खोल्या, दोन रात्री धरल्या तर २,००० रुपये जास्त देऊन तुम्ही १६,००० रुपये सुरक्षित करता. चौघांपैकी एकाची जरी रजा मंजूर व्हायची असेल, तर ते अवश्य द्यावेत. मात्र ही मुदत बहुधा मुक्कामाच्या काही दिवस आधीच संपते, त्यामुळे ऐन दिवशी समुद्र खवळून फेरी रद्द झाली तर तिचा उपयोग होत नाही. बुकिंगच्या पानावर शेवटची तारीख आणि वेळ नीट वाचा. रजा मंजूर असेल आणि तिकिटेही निघाली असतील, तर पोर्ट ब्लेअरच्या खोलीसाठी मी जास्त पैसे देणार नाही.

फेरी रद्द होण्यावरचा खरा उपाय म्हणजे शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरमध्ये काढणे. पहिल्या दिवशी पोर्ट ब्लेअर, दुसऱ्या दिवशी सकाळच्या फेरीने हॅवलॉक, तिसऱ्या दिवशी सकाळी स्कूबा, चौथ्या दिवशी परत आणि पाचव्या दिवशी विमान असे ठेवा. स्कूबानंतर शरीरात विरघळलेला नायट्रोजन बाहेर पडायला वेळ लागतो, म्हणून विमानात बसण्यापूर्वी किमान १८ तास, शक्यतो पूर्ण दिवस जाऊ द्यावा लागतो. या क्रमात तो आपोआप मिळतो. स्कूबासाठी थोडीच आगाऊ रक्कम द्या, आणि हवामान बिघडल्यास किंवा सर्दीमुळे कुणाला पाण्याखाली जाता आले नाही तर ती परत मिळेल का, हे लेखी विचारून घ्या.