पाहुणे दारात, मूल आईच्या मागे

"ताई, माझा मुलगा साडेचार वर्षांचा आहे. घरात दिवसभर तोंडाची टकळी चालू असते, पण पाहुणे आले की माझ्या मागे लपतो. 'नमस्कार कर' म्हटलं की मान खाली. मागच्या आठवड्यात ह्यांच्या आत्या आल्या होत्या. चार वेळा सांगूनही हा गप्प. शेवटी हे ओरडले आणि तो रडत आत पळाला. आत्या म्हणाल्या, 'वळण लावायला हवं.' गंमत म्हणजे अर्ध्या तासाने तो त्यांनाच आपल्या गाड्या दाखवत होता! हा हट्ट आहे की लाजाळूपणा? आम्ही काय करायचं?"

तुमच्या पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तुम्ही 'गंमत म्हणजे' म्हणून शेवटी टाकलीत. गाड्या दाखवायला आला, म्हणजे आत्यांशी त्याचं काही वाकडं नव्हतं. त्याला रुळायला अर्धा तास लागतो आणि आपण त्याची परीक्षा पहिल्या अर्ध्या मिनिटात घेतो.

ते अर्धं मिनिट मुलाच्या उंचीवरून बघा. बेल वाजते, घरातले आवाज एकदम चढतात, दोन-तीन उंच माणसं आत येतात, चपला काढताना वाकून थेट तोंडाजवळ तोंड आणतात आणि त्याच वेळी सगळे गप्प होऊन त्याच्याकडे बघायला लागतात. काही मुलं यातूनही बोलून मोकळी होतात. काहींना नव्या माणसाचा अंदाज घेतल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. न्यूयॉर्कमध्ये १९५६ साली अलेक्झांडर थॉमस आणि स्टेला चेस या मानसोपचारतज्ज्ञ दांपत्याने मुलांच्या उपजत स्वभावाचा वर्षानुवर्षं चालणारा अभ्यास सुरू केला. त्यांना अशी सावकाश रुळणारी मुलं साधारण १५ टक्के आढळली. तेव्हा हे वळण बिघडल्याचं लक्षण मानायचं कारण नाही.

हट्ट की बुजरेपणा, हे शब्दांवरून कळत नाही, अंगावरून कळतं. बुजलेल्या मुलाचा चेहरा कोरा होतो, नजर जमिनीला लागते, खांदे वर चढतात, मुठीत तुमचा ओढणी-पदर घट्ट धरलेला असतो. अशा वेळी त्याचा आवाज खरोखरच निघत नाही; 'बोल' म्हटल्याने तो आणखी आत जातो. हट्ट करणारं मूल सैल असतं. ते तुमच्याकडे बघतं, ओठ दाबून हसतं, पळून पुन्हा डोकावतं, म्हणजे त्याला खेळ सापडलेला असतो. तिथे एकदाच सांगायचं आणि लक्ष काढून घ्यायचं. प्रेक्षक उठले की खेळ संपतो. तुमच्या वर्णनावरून तुमचा मुलगा पहिल्या गटातला वाटतो.

आत्या पुन्हा येतील त्या दिवसाची तयारी बेल वाजण्याच्या दहा मिनिटं आधी सुरू करा. दोन दिवस आधी सांगू नका, नुसती धाकधूक वाढते. जवळ बसून सांगा, "थोड्या वेळाने आत्या येतील. मागच्या वेळी त्यांनी तुझी निळी गाडी बघितली होती, त्याच. त्या आल्या की तू हात हलवशील, नमस्कार करशील, की त्यांना निळी गाडी दाखवशील?" निवड त्याची, पण तिन्ही पर्याय भेटण्याचेच आहेत. 'काहीच नको' हा पर्याय आपण होऊन देऊ नका. मग एकदा खोटं खोटं करून बघा: तुम्ही दाराबाहेर जा, आत्या बना, आणि त्याला करू दे. दोन मिनिटं पुरतात.

दारात आधी तुम्ही स्वतः आत्यांशी मोकळेपणी बोला. मूल तुमचा आवाज आणि चेहरा वाचून ठरवत असतं की हे माणूस बरं आहे की नाही. त्याला पुढे ढकलू नका, मागे राहू दे. मग एकदाच, साध्या आवाजात, "आत्या आल्या बघ," म्हणा आणि मनातल्या मनात पाचपर्यंत मोजा. हे पाच आकडे फार मोठे वाटतात. बहुतेक आईबाप दोनलाच "अरे, बोल ना!" म्हणतात आणि मुलाचा जमवत आणलेला धीर पुन्हा मोडतो. पाच झाले आणि काही घडलं नाही, तर "त्याला थोडा वेळ लागतो, मग येईल," एवढं आत्यांना सांगा आणि सगळ्यांना आत घेऊन जा. दुसऱ्यांदा सांगायचं नाही. बाबांनीही नाही.

'लाजाळू आहे हो तो' हे मात्र टाळाच. तुम्ही सारवासारव म्हणून बोलता, तो मात्र ऐकून ठेवतो आणि पुढच्या वेळी त्याला गप्प राहायला नाव मिळालेलं असतं. 'येईल' या शब्दात दार उघडं राहतं.

यात आत्यांचीही मदत लागेल, आणि ती त्या येण्याआधी फोनवर मागितलेली बरी. त्यांना सांगा की आल्या आल्या त्याच्याशी बोलू नका, त्याच्याकडे रोखून बघू नका, खाली बसा आणि त्याची गाडी हातात घेऊन गाडीबद्दलच बोला, "हिचं चाक निघालेलं दिसतंय." प्रश्न विचारायचाच तर "ही पळते की उडते?" असा, एका शब्दात उत्तर देता येईल असा. "मी कोण, ओळख बरं?" हा सगळ्यात अवघड प्रश्न, आणि नेमका तोच सगळे विचारतात. पापी, मिठी, मांडीवर घेणं हे मुलाने स्वतःहून केलं तरच. तिथे जबरदस्ती केली तर आपल्या अंगाबद्दल 'नको' म्हणायचा त्याचा हक्क आपणच काढून घेतो.

आता माझा आवडता भाग: निरोप. येतानाच्या नमस्कारापेक्षा जातानाचा टाटा कितीतरी सोपा असतो, कारण तोवर माणूस ओळखीचं झालेलं असतं. म्हणून सवय लावायला सुरुवात उलट टोकाकडून करा. आत्या उठायच्या पाच मिनिटं आधी त्याला सांगा आणि दारापर्यंत सोबत न्या. काही भेटींत निरोप जमला की मग येतानाच्या वेळेकडे वळा.

जमलं तर टाळ्या नकोत, चॉकलेट नको. सगळं घर वळून बघू लागलं की तीच परीक्षा पुन्हा सुरू होते. आत्या गेल्यावर हळूच म्हणा, "तू हात हलवलास ना, आत्यांना बरं वाटलं." नाहीच जमलं तर त्या दिवशी तो विषय बंद. भावंडाशी तुलना आणि 'बाबा चिडतील' ही भीती, दोन्हीमुळे पुढच्या वेळी बेल वाजली की छातीत आणखी धडधडतं.

उलट बाजूचा घोटाळाही होतो. ओरडायचं नाही म्हणून आई प्रत्येक वेळी मुलाच्या वतीने उत्तर देऊन टाकते. त्याला सुटल्यासारखं वाटतं आणि गप्प राहणं पक्कं होतं. कोणी त्याला नाव विचारलं तर आधी ते पाच आकडे मोजा, तरीही गप्प असेल तर तोच प्रश्न निवडीचा करून त्याला परत द्या, "कानात सांगतोस, की बोटाने दाखवतोस?"

घरात बोलणारं मूल शाळेत किंवा इतर ठरावीक ठिकाणी महिन्याहून अधिक काळ अजिबात बोलत नसेल (शाळेचा पहिला महिना सोडून), तर बालमानसतज्ज्ञांना दाखवा. तो साधा बुजरेपणा नसू शकतो. अर्ध्या तासात गाड्या घेऊन येणाऱ्या मुलासाठी मला ती घाई दिसत नाही. ह्यांना मात्र आत्या येण्याच्या आदल्या रात्री हे वाचायला द्या, कारण चौथ्यांदा सांगायची वेळ आली की पहिला आवाज त्यांचाच चढतो.