नुकतीच सनद मिळालीये. पहिल्यांदा एकटीने कोर्टात उभं राहायचंय, काय घालू? आणि अशिलाला 'साधे कपडे घालून या' म्हणजे नक्की काय सांगू?

तुमचं तुम्ही निभावून न्याल, कोट-बँड काय सगळेच घालतात. अशिलाचं मात्र नीट ठरवा, कारण 'साधे कपडे' यावरून माझं आणि आमच्याच चेंबरमधल्या एका वकिलाचं आजही बार रूममध्ये वाजतं.

पोटगीचा अर्ज होता, आम्ही नवऱ्याकडून. माणूस इंटिरियरची कामं घेणारा. कामं कमी झालीयेत असं त्याचं म्हणणं, आणि ते अगदीच खोटं नव्हतं, दोन मोठी बिलं खरंच अडकली होती त्याची. साक्षीच्या आदल्या दिवशी मी त्याला सांगितलं होतं की गिऱ्हाईकाला भेटायला जाताना जे घालता तेच घाला, फिका शर्ट, गडद पँट, इस्त्री करून, बस. संध्याकाळी आमच्या या महाशयांनी त्याला परस्पर फोन केला आणि म्हणाले, "अहो पोटगीची केस आहे, जरा गरीब दिसा."

झालं. दुसऱ्या दिवशी हा आला तो कामावरच्या कुठल्यातरी पोराचा शर्ट अंगात घालून. खांद्याची शिवण दोन बोटं मानेकडे सरकलेली, बाही मनगटाच्या वर, कापड धुवून धुवून इतकं विरलेलं की आतली बनियन दिसत होती. पायात झिजलेल्या चपला. आणि मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याएवढा गोरा पट्टा, रोज घड्याळ घालणाऱ्या माणसाचा असतो तसा. मी बाहेर व्हरांड्यातच म्हटलं अहो हे काय, तर म्हणे "साहेबांनीच सांगितलं." पुकारा झाला होता, करणार काय.

समोर एक वयस्कर वकील बाई होत्या, आवाज कधी चढवायच्या नाहीत. उलटतपासणीला उभ्या राहिल्या आणि पहिला प्रश्न, "हा शर्ट तुमचाच का?" मी हरकत घेतली, पण तोवर हा "हो" म्हणून मोकळा. मग बाई म्हणाल्या, "खिशात काय आहे?" त्या विरलेल्या खिशातून गाडीच्या रिमोटच्या किल्लीचा आकार पिंजऱ्यापासून माझ्या टेबलापर्यंत दिसत होता. किल्ली आहे म्हणाला. कशाची? भावाच्या गाडीची. आता 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून पोटगीच्या केसमध्ये दोन्ही बाजूंना मालमत्ता आणि देण्यांचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको. त्यात याने वाहनाच्या रकान्यात 'निरंक' लिहिलं होतं. बाईंनी शर्टाचा विषय तिथेच सोडला आणि बँकेचं स्टेटमेंट उघडलं. त्या गाडीचा हप्ता दर महिन्याला याच्याच खात्यातून जात होता.

पुढे काय झालं ते जास्त महत्त्वाचं आहे. यानंतर हा प्रत्येक उत्तराआधी आमच्याकडे बघायला लागला. साधं "दुकान किती वाजता उघडता" विचारलं तरी मनगट चोळत आधी आमच्याकडे नजर. अडकलेल्या बिलांचे कागद खरे होते, त्यावर त्याला ठामपणे बोलता आलं असतं, पण ते सांगतानाही तो खोटं बोलतोय असंच वाटत होतं. सोंग घेतलेल्या माणसाचं अर्धं लक्ष सोंग सांभाळण्यातच जातं. ऑर्डरमध्ये शर्टाचा उल्लेख नाही, असणारही नाही. उत्पन्न दडवलं असा निष्कर्ष आहे, आणि त्याला आधार त्या स्टेटमेंटचा आहे.

यावर आमच्या मित्राचं म्हणणं काय, तर "शर्ट बरोबरच होता, किल्ली खिशात ठेवली तिथे गडबड झाली." अरे बाबा, किल्ली पँटच्या खिशात असती तरी हप्ता खात्यात होताच ना, आणि दिसली ती तू सांगितलेल्या पातळ शर्टामुळेच. गरीब दिसायला सांगितलं की माणूस कपडे बदलतो, पण चपलांपासून मोबाईलपर्यंत सगळं काही बदलता येत नाही, आणि समोरच्या वकिलाला कुठेतरी एक न जुळणारी गोष्ट सापडतेच. उलट बाजूनेही तेच. नुकसानभरपाई मागणारा माणूस लग्नाला निघाल्यासारखा चकचकीत शर्ट घालून आला की तो काय सांगतोय यापेक्षा तो कसा आलाय तेच बघितलं जातं.

तर अशिलाला 'साधे' असा मोघम शब्द वापरूच नका, तो त्याचा अर्थ मळके किंवा फाटके असा लावतो. कपडे स्वतःचे आणि आधी वापरलेले असू देत. कोरा करकरीत शर्ट पण नको, कॉलर टोचते आणि माणूस पिंजऱ्यात सारखी मान हलवत बसतो. रंग फिका निळा, करडा, बदामी असा काहीही चालेल. मजकूर छापलेला टीशर्ट नको. पांढरा शर्ट, काळी पँट आणि वर काळा कोट हे तर अजिबात नको, अशील वकील समजून पुढच्या खुर्चीत बसवला जातो आणि मग बेलीफ उठवतो तेव्हा साक्षीआधीच त्याचा चेहरा पडतो.

आता तुमचं. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमात साडी पांढरी, काळी किंवा सौम्य रंगाची, छाप-नक्षी नसलेली चालते, सलवार-कुर्ताही चालतो, वर काळा कोट आणि पांढरे बँड. गाऊन फक्त हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्टात सक्तीचा आहे. कोट घेताना आरशासमोर नुसतं सरळ उभं राहून बघू नका. हातात जाड फाईल घ्या आणि ती वर न्यायाधीशांकडे द्यायची आहे असा हात लांब करा. कोट मागून वर चढला किंवा बगलेत ओढला तर तो कोट तुमचा नाही, कितीही छान दिसत असला तरी. बँड कॉलरला नीट अडकतोय ना ते घरी बघून घ्या, आणि तो लावून रस्त्यावर, हॉटेलात फिरू नका, नियमातच मनाई आहे.

हो, एक राहिलंच. कुणी थेट ड्युटीवरून गणवेशात आला, किंवा खरंच दुसरे कपडेच नाहीत, तर त्याला उगाच उसनं काही घालायला लावू नका, आहे तसाच येऊ दे, मी वर जे झोडपलंय ते सोंगाला. आणि उन्हाळ्यात हायकोर्ट-सुप्रीम कोर्ट सोडून बाकी ठिकाणी कोटाची सक्ती नसते, पण तुमच्या कोर्टात कोणत्या तारखेपासून सूट धरतात ते आदल्या दिवशी बारच्या ऑफिसात विचारून घ्या आणि तोवर कोट हातावर घेऊन जा.